चाळीस सेकंदांचे व्ह्यूज कोणाच्या खात्यात?

लाईव्ह प्रक्षेपणातून कापलेल्या तुकड्याचे व्ह्यूज मूळ चॅनेलला मिळतात की नाही, हे तो तुकडा कसा कापला यावर ठरते. यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो आणि व्ह्यू त्या क्रमांकाच्या नावावर चढतो. दृश्य कोणी चित्रित केले, त्यात कोण दिसते, आवाज कोणाचा आहे, याची दखल व्ह्यूची मोजणी घेत नाही. तुकडा मूळ व्हिडिओच्या क्रमांकावरूनच दिसत असेल, तर व्ह्यू मूळ चॅनेलचा. तो नव्या फाइलच्या रूपाने पुन्हा चढवला गेला असेल, तर व्ह्यू चढवणाऱ्याचा. बाकीचे सगळे बारकावे या एका नियमातून निघतात.

उदाहरणासाठी जत्रेतल्या कुस्त्यांचे मैदान घेता येईल. समजा, एका गावच्या यूट्यूब चॅनेलने संध्याकाळच्या कुस्त्या तीन तास लाईव्ह दाखवल्या. प्रक्षेपण सुरू होऊन १ तास १२ मिनिटे ३० सेकंद झाले असताना एका पैलवानाने धोबीपछाड टाकून निकाली कुस्ती केली. डाव, पंचाची शिट्टी आणि हलगीचा कडकडाट मिळून हा सगळा प्रसंग ४० सेकंदांचा. त्या रात्री हेच ४० सेकंद गावभर आणि गावाबाहेरही फिरले. पण ते एकाच वाटेने फिरले नाहीत, आणि प्रत्येक वाटेचा हिशेब वेगळा आहे.

कात्रीच्या खुणेची क्लिप

पहिली वाट यूट्यूबच्या स्वतःच्या क्लिप सुविधेची. यूट्यूबने २०२१ च्या सुरुवातीला ही सुविधा काही मोजक्या चॅनेलांवर चाचणीसाठी आणली आणि नंतर ती सर्वांसाठी खुली होत गेली. व्हिडिओखाली असलेल्या कात्रीच्या खुणेवर बोट ठेवले की प्रेक्षकाला ५ ते ६० सेकंदांचा भाग निवडता येतो, त्याला नाव देता येते आणि त्याचा दुवा पाठवता येतो.

या सुविधेत ‘कापणे’ हा शब्द फसवा आहे, कारण प्रत्यक्षात काहीच कापले जात नाही. नवी फाइल तयार होत नाही, नवा व्हिडिओ चढत नाही. कुठून सुरू करायचे आणि कुठे थांबायचे, या दोन खुणा तेवढ्या नोंदल्या जातात. दुवा उघडणाऱ्याला मूळ व्हिडिओचेच पान दिसते. त्यावर तो ४० सेकंदांचा भाग पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि पूर्ण व्हिडिओ पाहण्याचा पर्यायही शेजारीच असतो. मूळ चॅनेलचे नाव, सबस्क्राइबचे बटण, पसंतीचा अंगठा, सगळे मूळ व्हिडिओचे. पुस्तकाच्या एका पानावर खूण घालून ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावे, तसा हा प्रकार आहे. पान फाडून दिलेले नसते.

त्यामुळे या क्लिपचे व्ह्यूज मूळ व्हिडिओच्या आकड्यात मिळतात. क्लिप कोणी केली याला महत्त्व नाही. चॅनेलवाल्याने स्वतः केली काय किंवा मुंबईत बसलेल्या गावच्या एखाद्या मुलाने केली काय, व्ह्यू गावच्या चॅनेललाच जातो. क्लिप करणाऱ्याचे नाव क्लिपसोबत दिसते, पण त्याच्या चॅनेलच्या खात्यात त्यामुळे काही जमा होत नाही.

क्लिप मूळ व्हिडिओच्या आधाराने जगते, त्यामुळे मूळ व्हिडिओच्या मर्यादा तिलाही लागू होतात. लाईव्ह चालू असताना क्लिप करायची तर प्रेक्षकाला मागे जाऊन पाहण्याची सोय चॅनेलने सुरू ठेवलेली असावी लागते. ही सोय बंद असेल, तर कापायला मागचा भागच हाताशी नसतो. लहान मुलांसाठी म्हणून नोंदलेल्या व्हिडिओंवर क्लिप करता येत नाही. फार लांबलेले लाईव्हही अडचणीत आणते. आठ तासांच्या पुढे गेलेल्या प्रक्षेपणावर क्लिपची सोय मिळत नाही, आणि बारा तासांच्या आत संपलेल्या प्रक्षेपणाचेच रेकॉर्डिंग यूट्यूब आपोआप जपून ठेवते. चॅनेलवाल्याने लाईव्ह संपल्यावर तो व्हिडिओ काढून टाकला किंवा खासगी केला, तर त्यावरच्या सगळ्या क्लिपाही बंद पडतात. लोकांनी रात्री पाठवलेले दुवे सकाळी उघडत नसतील, तर बहुधा कारण हेच असते.

क्लिप करू द्यायच्या की नाही, हेही चॅनेलच्या हातात असते. यूट्यूब स्टुडिओत चॅनेलच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रेक्षकांना क्लिप करू देण्याची परवानगी असते. ती काढली की कात्रीची खूण दिसत नाही. आपला मजकूर कोणी तोडूनमोडून दाखवू नये म्हणून काही चॅनेल ती बंद ठेवतात. मात्र ज्याला तुकडा हवाच असतो, तो मग दुसऱ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर मूळ चॅनेलला व्ह्यूही मिळत नाही.

व्ह्यूज चौपट, वेळ थोडाच

क्लिपचा व्ह्यू मूळ व्हिडिओत मिळतो म्हणजे चॅनेलचा तेवढाच फायदा होतो, असा समज होऊ शकतो. पण चॅनेलच्या हिशेबात दोन वेगळी मापे असतात. एक म्हणजे व्ह्यूज, किती वेळा पाहिले गेले. दुसरे म्हणजे वॉच टाइम, एकूण किती वेळ पाहिले गेले. ४० सेकंदांची क्लिप पहिल्या मापात एका माणसाएवढी भर घालते, दुसऱ्या मापात फक्त काही सेकंदांची.

कुस्तीच्या उदाहरणात आकडे घालून पाहता येईल. समजा, लाईव्ह आणि नंतरचे रेकॉर्डिंग मिळून २,००० व्ह्यूज झाले आणि प्रत्येकाने सरासरी १२ मिनिटे पाहिले. म्हणजे एकूण २४,००० मिनिटे, अर्थात ४०० तास. मग धोबीपछाडीची क्लिप पसरली, तिला ६,००० व्ह्यूज मिळाले आणि प्रत्येकाने सरासरी ३० सेकंद पाहिले. ही भर ३,००० मिनिटांची, म्हणजे ५० तासांची झाली.

आता व्हिडिओखाली ८,००० व्ह्यूज दिसतील, आधीच्या चौपट. वॉच टाइम मात्र ४०० वरून ४५० तासांवर गेला, म्हणजे आठव्या हिश्शानेच वाढला. आणि पाहण्याचा सरासरी वेळ १२ मिनिटांवरून जवळपास ३ मिनिटे २२ सेकंदांवर उतरला. स्टुडिओतला आलेख पाहून चॅनेलवाला घाबरतो, लोकांना कुस्त्या आवडेनाशा झाल्या असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आधीच्या दोन हजारांनी पाहणे कमी केलेले नसते. त्यांच्यात सहा हजार उभ्या उभ्या डोकावणाऱ्यांची भर पडलेली असते. मैदानाच्या कडेला थांबून एक डाव बघून पुढे जाणाऱ्यांची गणती आत बसलेल्यांसोबत केली, की सरासरी उतरणारच. अशा वेळी सरासरीपेक्षा एकूण तास पाहणे अधिक खरे.

नव्या चॅनेलांना हा फरक विशेष जाणवतो. यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात जाहिरातींचा वाटा मिळवण्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात. त्याशिवाय गेल्या १२ महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओंचे ४,००० तास पाहणे झालेले असावे लागते किंवा गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी वैध व्ह्यूज. लांब व्हिडिओंच्या वाटेने जाणाऱ्याला व्ह्यूजचा आकडा उपयोगी पडत नाही, तास लागतात. वरच्या हिशेबातल्या ६,००० व्ह्यूजच्या क्लिपने ५० तास मिळवून दिले. चार हजार तास केवळ अशा क्लिपांवर गाठायचे तर तशा ८० क्लिपा लागतील. क्लिपचा खरा उपयोग ती पाहून किती जण पूर्ण व्हिडिओकडे वळले, यात असतो.

आणखी एक गैरसमज क्लिप फिरत राहण्याबद्दलचा आहे. क्लिप आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होते, म्हणून मोबाइल रात्रभर तसाच ठेवला की हजारो व्ह्यूज जमा होतील, असे काहींना वाटते. यूट्यूब व्ह्यूजची छाननी करते. कृत्रिम वाटणारे व्ह्यूज मोजले जात नाहीत, मोजले गेले असतील तर मागाहून वजाही होतात. आकडा काही काळ थांबलेला दिसणे किंवा थोडा खाली येणे, हा या छाननीचाच भाग असतो.

उचलून चढवलेला तुकडा

दुसरी वाट सर्वांत जास्त वापरली जाते. कोणीतरी मोबाइलचा पडदा रेकॉर्ड करतो किंवा व्हिडिओ डाउनलोड करतो, त्यातले ४० सेकंद कापतो आणि आपल्या चॅनेलवर चढवतो. आता तो नवा व्हिडिओ झाला, त्याला नवा क्रमांक मिळाला. त्याचे लाखभर व्ह्यूज झाले तरी गावच्या चॅनेलच्या आकड्यात एकाचीही भर पडत नाही. वर्णनात मूळ चॅनेलचे नाव लिहिले, आभार मानले, दुवा दिला, तरी मोजणी बदलत नाही. त्या दुव्यावरून जो माणूस प्रत्यक्ष मूळ व्हिडिओवर येईल, तेवढ्याचाच व्ह्यू मिळेल. तीच गोष्ट इन्स्टाग्रामच्या रीलची. व्हॉट्सअॅपवर फाइल म्हणून फिरणारा तुकडा तर यूट्यूबच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. तो दहा हजार जणांनी पाहिला तरी कोणाच्याच खात्यात काही चढत नाही.

हक्क मूळ चॅनेलचा असला, तरी दुसरीकडचे व्ह्यूज आपल्याकडे वळवण्याची सोय यूट्यूबमध्ये नाही. मोठ्या हक्कधारकांना कंटेंट आयडी ही यंत्रणा मिळते. त्यांनी दिलेल्या मूळ चित्रफितीशी जुळणारे भाग ती यूट्यूबवर शोधते. असा भाग सापडला की हक्कधारकापुढे तीन मार्ग असतात: तो व्हिडिओ अडवणे, त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे घेणे, किंवा त्याची आकडेवारी नुसती पाहत राहणे. यातल्या दुसऱ्या मार्गाने पैसा मूळ मालकाकडे येतो, पण व्ह्यू मात्र चढवणाऱ्याच्या व्हिडिओवरच राहतो. पैशाचे खाते आणि व्ह्यूचे खाते वेगळे असते, हे इथे स्पष्ट दिसते.

लहान चॅनेलांना कंटेंट आयडी सहसा मिळत नाही. त्यांच्यासाठी यूट्यूबचे जुळणी शोधणारे एक साधे साधन आहे. पण ते मुख्यतः पूर्ण किंवा जवळपास पूर्ण व्हिडिओ जसाच्या तसा चढवला असेल, तर पकडते. तीन तासांतले ४० सेकंद त्याच्या नजरेतून सहज निसटतात. मग उरतो तो कॉपीराइटची तक्रार करून तुकडा काढून टाकायला लावण्याचा मार्ग. तक्रार मान्य झाली तर तुकडा जातो आणि त्यासोबत त्याचे व्ह्यूजही जातात. ते मूळ व्हिडिओवर येत नाहीत. केवळ इतरांचे तुकडे चढवणाऱ्या चॅनेललाही हे फार काळ फायद्याचे नसते. स्वतःची काही भर न घालता दुसऱ्यांचा मजकूर वापरणाऱ्या चॅनेलांना यूट्यूब भागीदार कार्यक्रमाबाहेर ठेवते.

पैसा आणि व्ह्यू यांची ही फारकत जपानमध्ये एका व्यवसायाचा पाया झाली आहे. तिथे लांब लाईव्ह प्रक्षेपणांतून निवडक भाग कापून, त्यावर मोठ्या अक्षरांत उपशीर्षके घालून दाखवण्याच्या प्रकाराला ‘किरिनुकी’ म्हणतात. या शब्दाचा अर्थच ‘कापून काढणे’. ‘टू-चॅनेल’ या जपानी चर्चास्थळाचा संस्थापक हिरोयुकी निशिमुरा तासन्‌तास प्रश्नांची उत्तरे देत लाईव्ह बसतो. त्याने इतरांना आपले तुकडे चढवू दिले आणि त्यातल्या उत्पन्नात वाटा घेतला. होलोलाइव्ह या गटाचे आभासी कलाकार चालवणारी कव्हर ही कंपनीही चाहत्यांना नियम घालून तुकडे करू देते, आणि मूळ प्रक्षेपण कोणते हे दाखवणारा दुवा देणे हा त्या नियमांचा भाग आहे. या व्यवहारात तुकड्याचे व्ह्यूज कापणाऱ्याच्या चॅनेलवर जातात, हे सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेले असते. मूळ कलाकाराला मिळते ती ओळख, नवे प्रेक्षक आणि ठरले असेल तिथे पैशाचा वाटा.

शॉर्ट्स: आपलेच, तरी वेगळे

तिसरी वाट शॉर्ट्सची. इथे मूळ चॅनेलवाल्याचीही गफलत होते. आपल्याच लांब व्हिडिओतून भाग निवडून शॉर्ट करण्याची सोय यूट्यूबच्या अॅपमध्ये आहे. धोबीपछाडीचे ४० सेकंद असे काढून गावच्या चॅनेलने स्वतःच शॉर्ट चढवला, तर त्याचे व्ह्यूज चॅनेलच्या एकूण आकड्यात येतात, पण तीन तासांच्या मूळ व्हिडिओवर येत नाहीत. शॉर्ट हा स्वतंत्र व्हिडिओ असतो. शिवाय शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरला जात नाही. शॉर्ट्ससाठी व्ह्यूजची वेगळी अट आहे, ती याच कारणाने.

दुसऱ्या कोणी मूळ व्हिडिओतला भाग रीमिक्स करून आपला शॉर्ट केला, तर त्याचे व्ह्यूज रीमिक्स करणाऱ्याचे. यूट्यूब त्या शॉर्टवर मूळ व्हिडिओचा दुवा आपोआप ठेवते, त्यामुळे मूळ चॅनेलची ओळख पुसली जात नाही. चढवलेल्या फाइलपेक्षा ही वाट एवढ्यापुरती बरी. पण मोजणीत दोन्हींचा निकाल एकच. ज्याला हे नको असेल, तो आपल्या लांब व्हिडिओंचे रीमिक्स बंद ठेवू शकतो.

शॉर्ट्सचे व्ह्यूज आणि लांब व्हिडिओचे व्ह्यूज शेजारी ठेवून तुलना करणेही आता चुकीचे ठरते. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहिले याची अट नाही. आधीच्या पद्धतीचा आकडा स्टुडिओत वेगळा दाखवला जातो आणि भागीदार कार्यक्रमाच्या पात्रतेसाठी तोच वापरला जातो. म्हणून एकाच डावाचे शॉर्टवर दिसणारे ५०,००० आणि क्लिपमुळे मूळ व्हिडिओत मिळालेले ६,००० या दोन आकड्यांचे माप सारखे नसते.

ट्विचची वेगळी वही

सगळीकडे यूट्यूबसारखाच हिशेब नसतो. खेळांच्या लाईव्ह प्रक्षेपणासाठी प्रसिद्ध असलेल्या ट्विचवर क्लिपची सोय २०१६ पासून आहे. तिथे क्लिप ही मूळ रेकॉर्डिंगवरची खूण नसून स्वतंत्र वस्तू असते. ट्विचवरची रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी पुसली जातात, क्लिप मात्र त्यानंतरही राहते. क्लिपला स्वतःचा व्ह्यूजचा आकडा असतो, आणि ती मूळ चॅनेलच्या पानावर क्लिपांच्या भागात दिसते. म्हणजे नाव मूळ चॅनेलचे, पण व्ह्यू क्लिपचा. तो रेकॉर्डिंगच्या व्ह्यूजमध्ये मिळत नाही.

ट्विचवर चॅनेलची पायरी वर चढते ती लाईव्ह चालू असताना एका वेळी सरासरी किती जण पाहत होते यावर. नव्या चॅनेलला अॅफिलिएट होण्यासाठी सरासरी ३ प्रेक्षकांची अट असते. क्लिप लाईव्ह नसल्यामुळे तिचा या सरासरीवर काहीच परिणाम होत नाही. एखादी क्लिप लाख जणांनी पाहिली आणि पुढच्या लाईव्हला दोघेच आले, तर हिशेबात दोनच धरले जातात.

पत्त्यावरून ओळख

आपल्यासमोरचा तुकडा कोणाच्या खात्यात जातो, हे दुव्याच्या पत्त्यावरून लगेच कळते. यूट्यूबवर चार प्रकार दिसतात:

```
youtube.com/clip/...
youtu.be/...?t=4350
youtube.com/shorts/...
youtube.com/watch?v=...
```

पहिला पत्ता क्लिपचा, त्याचा व्ह्यू मूळ व्हिडिओला. दुसरा मूळ व्हिडिओच ठरावीक सेकंदापासून सुरू करणारा. ४,३५० सेकंद म्हणजेच आपला १ तास १२ मिनिटे ३० सेकंद. हाही व्ह्यू मूळ व्हिडिओचाच. फरक इतकाच की क्लिप ठरलेल्या जागी थांबून पुन्हा फिरते, तर हा दुवा पुढच्या कुस्त्यांकडे नेतो. त्यामुळे पाहण्याचा वेळ वाढण्याची शक्यता या दुव्यात जास्त. तिसरा पत्ता शॉर्टचा, त्याचा व्ह्यू त्या शॉर्टला आणि तो चढवणाऱ्या चॅनेलला. चौथा पत्ता कोणत्याही साध्या व्हिडिओचा असतो. तिथे शीर्षकाखाली ज्या चॅनेलचे नाव दिसते, व्ह्यू त्याचा. पत्ताच नसेल आणि गटात नुसती फाइल आली असेल, तर तो व्ह्यू यूट्यूबवर कोणाचाच नाही.